डी सत्तेचाळीस

परवा पर्स साफ करताना ते निमंत्रणाचं कार्ड पुन्हा सापडलं, कोपरे दुमडलेलं, मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात घाईघाईत काढलेला एक बाण आणि पुढे छापलेलं `Hall 5.1, D 47`. मैत्रिणीनं फोनवरही तेच सांगितलं होतं, "पाच पॉइंट एक, डी सत्तेचाळीस, शेवटच्या दिवशी तरी ये गं." कागद आणि छपाईचं मोठं प्रदर्शन, तिचा पहिलावहिला स्टॉल, हातानं शिवलेल्या वह्यांचा. मी साडेचारला गेटमधून आत शिरले आणि तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. म्हणजे एक तास वीस मिनिटं मी एका छताखाली, नकाशा हातात असताना, पत्ता तोंडपाठ असताना, एक तीन मीटर रुंदीची खोली शोधत होते. हे कुणाला सांगायलाही लाज वाटते, कारण ऐकणारा लगेच म्हणतो की अगं विचारायचं ना कुणाला. विचारलं की. चौघांना विचारलं. चौघांनीही बरोबरच सांगितलं, मीच चुकीचं ऐकत होते.

गोष्ट त्या पॉइंटपासून सुरू होते. पाच पॉइंट एक म्हटल्यावर माझ्या डोक्यात आपोआप पाच नंबरच्या हॉलचा पहिला मजला आला, आणि पहिला मजला म्हणजे जिना चढून वर. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. सरकता जिना समोरच होता, त्यावर उभी राहिले आणि वर पोचले. वरच्या दाराच्या डोक्यावर भलामोठा ५.२ लिहिलेला होता म्हणे. म्हणे, कारण मी तो बघितलाच नाही. आपल्याला ठाऊक आहे असं एकदा वाटलं की पाटी दिसत नाही, हे मी त्या दिवशी पुराव्यासकट शिकले. आत नव्या कार्पेटखालच्या गोंदाचा वास, कुठेतरी चालू असलेल्या मशीनचा टक-टक-टक असा एकसुरी आवाज, छताला टांगलेली अक्षरं, ए, बी, सी, डी. डीच्या गल्लीत शिरले, डाव्या हाताला एकेचाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस, आणि ही बघ सत्तेचाळीस. पाच मिनिटांत सापडला! तिथे लेबलं चिकटवायचं एक मशीन होतं आणि मशीनमागे खुर्चीवर एक काका बसले होते.

"वहीवाल्या ताई ना? खालचा सत्तेचाळीस."

मी तोंड उघडायच्या आत ते बोलले. त्यांच्या टेबलावर एक खोकं होतं आणि खोक्यावर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या, चार उभ्या आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी, आणि पुढे एक सुटी. त्यांनी माझ्यादेखत त्या सुटीशेजारी अजून एक रेघ ओढली. बारावी मी. चार दिवसांत बारा माणसं तिला शोधत यांच्याकडे आली होती, आणि जी विचारायला थांबली नाहीत, लेबलांचं मशीन बघून तशीच मागे फिरली, ती किती असतील ते खोक्यावर नव्हतं.

घरी आल्यावर मी हे जरा खोदून बघितलं, कारण आपण मूर्ख आहोत की पाटी मूर्ख आहे हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. तर गंमत अशी की दोघंही नाहीत. फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाच्या मैदानात, जिथे तो प्रसिद्ध पुस्तकमेळा भरतो, हॉलचे मजले ४.०, ४.१, ४.२ असे आहेत. शून्य म्हणजे जमिनीलगतचा, एक म्हणजे त्याच्यावरचा. माझ्या डोक्यातला हिशेब तिथे अगदी बरोबर चालला असता. पण त्याच देशात कोलोनच्या मैदानात गेलं तर तिथे ४.१ हाच खालचा मजला आणि ४.२ वरचा, शून्य नाहीच. म्हणजे दोन शहरांत तोच पॉइंट एक, एका ठिकाणी जिना चढायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नाही चढायचा. इमारतींच्या लिफ्टमध्ये तळमजला शून्य की एक हा जो घोळ जगभर आहे तोच इथे दशांशचिन्ह लावून आला आहे. कार्डावर हे कळायला काही मार्ग नाही. मार्ग एकच, हॉलच्या यादीत त्या नंबराचा पॉइंट शून्य आहे का ते बघायचं. शून्य दिसला तर एक वर आहे, शून्य कुठेच नसेल तर एक बहुधा खालीच. पाच सेकंदांचं काम, आणि मी ते केलं नाही.

आणि यातली खरी फसवणूक अशी की प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र डी सत्तेचाळीस असतो. चुकीच्या मजल्यावर नंबर सापडलाच नसता तर मला लगेच शंका आली असती, पण तो सापडतो, नीट ओळीत, आधी पंचेचाळीस नंतर एकोणपन्नास, सगळं कसं पत्त्याबरहुकूम. स्टॉलचा नंबर हा पत्त्याचा शेवटचा तुकडा, तो एकटा काहीच सांगत नाही, पण आपल्याला लक्षात राहतो तोच. मी गल्लीगल्लीतून "डी सत्तेचाळीस, डी सत्तेचाळीस" पुटपुटत फिरत होते, "पाच पॉइंट एक" एकदाही नाही. ज्यांना विचारलं त्यांनाही मी डी सत्तेचाळीसच विचारलं. त्यांनी त्यांच्या मजल्यावरचा दाखवला, चुकलं कुठे त्यांचं?

काकांना थँक्यू म्हणून खाली आले, पण ज्या जिन्यानं चढले होते त्यानं नाही. मागच्या टोकाला एक अरुंद जिना होता, तोच जवळ वाटला. ही दुसरी चूक. मागच्या बाजूनं हॉलमध्ये उतरल्यावर सगळंच उलटं झालं, नंबर मोठ्याकडून छोट्याकडे यायला लागले, डावीकडचे विषम उजवीकडे गेले आणि हातातला नकाशा तर परकाच वाटायला लागला. जिन्यापाशी एक "आपण इथे आहात"वाला बोर्ड होता, लाल ठिपका आणि सगळे हॉल रंगीत. मी त्यावर बघून ठरवलं की डावीकडे जायचं आणि डावीकडे गेले, तर समोर एफ, जी, एच. या बोर्डांबद्दल मार्विन लेव्हिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८२ साली सविस्तर लिहून ठेवलंय, की बोर्डावरची वरची बाजू म्हणजे आपल्या समोरची बाजू असली पाहिजे, नाहीतर माणसं बोर्ड नीट बघूनही चुकीच्या दिशेनं चालायला लागतात. पण प्रदर्शनात एकच नकाशा छापतात आणि तोच सगळ्या भिंतींना लावतात, म्हणजे चार भिंतींपैकी एखाद्याच भिंतीवर तो सरळ बसतो आणि बाकी ठिकाणी तो आडवा नाहीतर उलटा असतो. मी उलट्या भिंतीपाशी उभी होते. शेवटी हातातला कागद फिरवला, मुख्य दार माझ्या पाठीमागे नाही तर समोर आहे हे बोटानं पक्कं केलं, बाकीच्यांनी बघितलं तर बघू दे म्हटलं.

फोन काढून बघितलाच होता मध्ये, तेही सांगते. निळा ठिपका शेजारच्या हॉलच्या छतावर नाचत होता. उपग्रहाचा सिग्नल त्या पत्र्याच्या छताखाली धड पोचत नाही, आणि मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोन पाचेक मीटर इकडेतिकडे करतोच, इथे तर एक स्टॉल तीन मीटरचा. मजल्याचं तर त्या ठिपक्याला काही पडलेलंच नाही, वरचा डी सत्तेचाळीस आणि खालचा डी सत्तेचाळीस नकाशावर जवळजवळ एकावर एक.

मग खांब. मोठ्या हॉलमध्ये खांबांवर अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका खांबावर ठळक डी ७ दिसलं आणि मला वाटलं चला, डीची गल्ली लागली, इथून मोजत जाऊ. पण खांबाचा नंबर हा इमारतीचा असतो, इमारत बांधली तेव्हापासूनचा, आणि स्टॉलचे नंबर त्या एका प्रदर्शनापुरते, पुढच्या महिन्यात वेगळं प्रदर्शन आलं की त्याच जागेला वेगळी अक्षरं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे खांबावरून गल्ली ओळखायची नाही. हां, पण खांबाचा एक उपयोग आहे आणि तो मला नंतर मैत्रिणीच्या शेजारच्या स्टॉलवाल्यानं सांगितला. प्रदर्शनाच्या नकाशावर खांब छोट्या काळ्या चौकोनांनी दाखवलेले असतात, तसेच आपत्कालीन दरवाजे आणि टॉयलेट. स्टॉल वाढतात, एकमेकांत मिसळतात, ऐनवेळी रद्द होतात, पण खांब, दरवाजा आणि टॉयलेट कुणाला हलवता येत नाही. शोधायचा स्टॉल कुठल्या न हलणाऱ्या गोष्टीजवळ आहे ते आधी बघायचं आणि तिथे जायचं. तो म्हणाला, "मी लोकांना माझा नंबर सांगतच नाही ताई, लेडीज टॉयलेटच्या बरोब्बर समोर म्हणतो, सगळे पोचतात." स्वतःच्या धंद्याचा पत्ता असा सांगताना त्याला काहीच वाटत नव्हतं.

तर डीची खरी गल्ली लागली एकदाची, छताला टांगलेल्या अक्षरावरून. आता सोपं असायला हवं. एका बाजूला विषम, एका बाजूला सम. सगळीकडे असं नसतं बरं का. अमेरिकेतल्या पुष्कळ प्रदर्शनांत अक्षरं नसतात, नुसते शेकडे असतात, आणि मी एकदा ऑफिसच्या कामानं गेले होते तिथे १०१ च्या समोर २०० होता, आणि २०० ला पाठ लावून २०१. म्हणजे २०१ शोधत २०० पाशी पोचलं तर तो शेजारी नाही, समोर नाही, भिंतीपलीकडे आहे, आणि तिथे जायला पूर्ण रांगेला वळसा. तेव्हा मी २०० समोर उभी राहून खुळ्यासारखी दोन्हीकडे बघत होते. आत्ता का आठवलं, तर या वेळीही भिंतच आडवी आली.

डी त्रेपन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, मग एक आडवा बोळ, मग कोरी पांढरी भिंत, आणि मग एकदम डी एकेचाळीस. सत्तेचाळीस नाही. पंचेचाळीस नाही, त्रेचाळीस नाही. एकेचाळीस हा एक अवाढव्य स्टॉल होता, लाकडाचा, दिव्यांचा, कुठल्याशा मोठ्या मशीनवाल्यांचा. अशी नुसती मोकळी जागा घेऊन आपला मांडव आपण उभारणाऱ्यांना रॉ स्पेस म्हणतात, ते तीन-चार स्टॉलांची जागा घेतात आणि पाटीवर नंबर मात्र एकच, पहिला. बाकीचे नंबर गिळले जातात. मला वाटलं सत्तेचाळीसही त्याच्या पोटात गेला. एकोणपन्नासपासून एकेचाळीसपर्यंत मी तीनदा गेले आणि आले. तिसऱ्या वेळी एकेचाळीसवाल्या मुलीनं मला ब्रोशर दिलं, पिशवीसकट.

पाय दुखत होते म्हणून त्या कोऱ्या भिंतीला टेकले.

टेकल्यावर भिंत जरा हलली. तेव्हा नीट बघितलं. तयार स्टॉल असतात ना, ज्याला शेल स्कीम म्हणतात, ॲल्युमिनियमच्या दांड्या आणि त्यात सरकवलेले पांढरे बोर्ड, आपल्याकडे मांडववाले सगळ्यालाच ऑक्टानॉर्म म्हणतात, तशीच ती भिंत होती. असा एक बोर्ड साधारण मीटरभर रुंद. मी मोजले, तीन. म्हणजे तीन मीटर. म्हणजे बरोबर एक स्टॉल. मोठ्या स्टॉलची भिंत लाकडाची होती, ही त्याची नव्हतीच. ही कुणाची तरी पाठ होती. डीच्या गल्लीत नंबर असलेला पण डीच्या गल्लीकडे पाठ करून बसलेला स्टॉल. मी आडव्या बोळात वळले आणि चार पावलांवर ती बसली होती, मांडीवर डबा घेऊन.

"अगं किती उशीर!"

मी काहीतरी बोलले, ट्रॅफिक वगैरे. खरं सांगायला तोंडच झालं नाही. डोक्यावरच्या पट्टीवर, जिला फेशिया म्हणतात, तिचं नाव होतं आणि कोपऱ्यात छोटासा डी ४७, पण तो बोळाच्या तोंडी. मूळ नकाशात तिचा स्टॉल गल्लीकडेच उघडत होता. मग शेजारच्यानं जागा वाढवून घेतली, आगीच्या वेळी बाहेर पडायला म्हणून तो आडवा बोळ सरकवावा लागला, आणि तिचं तोंड फिरवलं. नंबर तसाच ठेवला कारण कार्डं छापून झाली होती. नंबर चुकीचा नव्हता हो, जागाही तीच होती, फक्त त्या नंबराच्या मागे जो येईल त्याला भिंत दिसेल एवढंच. तिनं आयोजकांना सांगितलं होतं की गल्लीच्या बाजूनंही एक नंबर लावा, ते म्हणाले लावतो. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः एक कागद चिकटवला, रात्रीत सफाईवाल्यांनी काढला. भिंतीवर चिकटपट्टीचे चार कोपरे होते, मी टेकले होते तिथेच, आणि मला ते दिसलेही होते.

वह्या सुंदर होत्या. जाड कागद, शिवणीचा दोरा बाहेरून दिसणारा, हात फिरवला की खरखर लागायची. पुष्कळ उरल्या होत्या. ती म्हणाली "तशी बरी गेली विक्री," आणि मला कळेना की आता वरच्या खोक्यावरच्या बारा रेघांबद्दल सांगावं की नाही. सांगितलं तर तिला बरं वाटेल की बारा जण खास तिला शोधत आले, की वाईट वाटेल. मी सांगून टाकलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "सातच आले." मग आम्ही दोघी उरलेल्या पाचांचा विचार करत बसलो. मला त्या पाचांचा राग येईना. ते याच भिंतीसमोरून गेले असणार, एकोणपन्नास, एकेचाळीस, एकोणपन्नास, आणि मग त्यांनाही पिशवीसकट ब्रोशर मिळालं असणार.

सहाला दिवे अर्धे झाले. शेवटचा दिवस, त्यामुळे सहा वाजून एका मिनिटाला सगळीकडून स्क्रू काढायचे आवाज सुरू झाले, जणू सगळे पाना हातात घेऊनच बसले होते. आम्ही वह्या खोक्यात भरल्या. तिनं दोन वह्या बाजूला काढल्या, एक मला आणि एक "त्या वरच्या काकांना देऊन येऊ," म्हणाली. मी म्हटलं चल, आणि या वेळी सरळ पुढच्या सरकत्या जिन्यानं गेलो, तो बंद केलेला होता, पायऱ्या नेहमीपेक्षा उंच लागतात बंद पडल्यावर. दारावरचा ५.२ मी थांबून वाचला. मोठा होता, माझ्या उंचीएवढा.

काका गेले होते. मशीन गेलं होतं, बोर्ड गेले होते, दोन मुलं कार्पेट गुंडाळत डीच्या गल्लीतून पुढे पुढे येत होती आणि मागे नुसती सिमेंटची जमीन उघडी पडत होती. मला आधी कळेचना काका नक्की कुठे बसायचे, ओळखीचं काही उरलंच नव्हतं, एक खांब तेवढा. मग मैत्रिणीनं खाली बोट दाखवलं. प्रदर्शन उभारायच्या आधी जमिनीवर प्रत्येक स्टॉलचे चार कोपरे आखतात आणि मधे खडूनं नंबर टाकतात, मग त्यावर कार्पेट पडतं. चार दिवसांत तो पुसलाही नव्हता. हातभर लांबीची अक्षरं, D 47, गल्लीच्या बाजूनं वाचता येतील अशी.

ती वही हातात धरून तिथे उभी होती. मुलांपैकी एक म्हणाला, "ताई, जरा सरका, पट्टी काढायचीय," आणि आम्ही सरकलो.